निंगबोचं बिल, उंद्रीचं पत्र

चिखली तालुक्यातल्या उंद्रीत, खामगावकडे जाणाऱ्या रस्त्यालगत शेतीच्या अवजारांचं आणि फवारणी पंपांच्या सुट्या भागांचं एक छोटं दुकान आहे, असं समजू. दुकान कल्पनेतलं आहे, पण त्यातला माल आणि पुढचा व्यवहार रोजच्या व्यापारातला आहे. सोयाबीन आणि कपाशीच्या या पट्ट्यात जुलैपासून फवारणीची घाई सुरू होते. पाठीवरच्या बॅटरी पंपाची बारा व्होल्टची छोटी मोटर ऐन तेव्हाच जळते किंवा हाताने दाबायचा ट्रिगर गळायला लागतो. शेतकरी सकाळी दुकानात येतो आणि त्याला वस्तू त्याच दिवशी हवी असते. यातले बरेच भाग चीनच्या झेजियांग प्रांतातून येतात. तिथल्या ताइचौ शहराच्या परिसरात फवारणी पंप बनवणारे कारखाने दाटीने आहेत. आपला दुकानदार दरवेळी मुंबईच्या ठोक व्यापाऱ्याकडून माल घ्यायचा. या वेळी त्याने आयात-निर्यात कोड काढला आणि थेट कारखान्याला ऑर्डर दिली.

ऑर्डर लहान होती. 480 मोटरी, दर 2.60 डॉलर. 1,200 ट्रिगर, दर 0.35 डॉलर. एकूण 1,668 डॉलर. माल निंगबो बंदरात जहाजावर चढवून देण्याचा खर्च विक्रेत्याचा, म्हणजे व्यापाराच्या भाषेत ‘एफओबी निंगबो’. हे सगळं 3 मार्चच्या इंग्रजी प्रोफॉर्मात लिहिलेलं होतं. प्रोफॉर्मा म्हणजे माल निघण्याआधी विक्रेता देतो तो कबुलीचा कागद. त्याची मुदत पंधरा दिवसांची होती. दुकानदाराने 10 मार्चला चिखलीच्या बँकेतून 30 टक्के इसार पाठवला, 500.40 डॉलर. उरलेली रक्कम माल तयार झाल्यावर द्यायची होती.

14 एप्रिलला व्हॉट्सॲपवर बिलाचा फोटो आला. बिल सगळं चिनीत, आणि खाली लाल गोल शिक्का. निर्यातीचं इंग्रजी बिल कारखाना नंतर करतो, पण त्याआधी त्यांच्या हिशेबनिसाने केलेला चिनी कागदच पुष्कळदा फोटो काढून पाठवला जातो. दुकानदाराने फोनच्या भाषांतराच्या ॲपमध्ये तो फोटो उघडला. पडद्यावर चिनी अक्षरांच्या जागी इंग्रजी शब्द आले आणि त्याला धक्काच बसला. मोटरींच्या ओळीत लिहिलं होतं, ‘12 पीसेस’. शेवटी देय रक्कम मात्र 1,308.60 डॉलर. बारा मोटरींचे एवढे पैसे?

रागाच्या भरात लगेच पत्र लिहिलं असतं तर ते पहिल्याच वाक्यात फसलं असतं. त्याचं कारण फोन बिल कसं वाचतो यात आहे.

फोटोतला मजकूर वाचताना ॲप दोन वेगळी कामं करतं. आधी चित्रात अक्षरं कुठे आहेत ते शोधून ती ओळखतं, मग ओळखलेल्या मजकुराचं भाषांतर करून ते मूळ अक्षरांच्या जागी चितारतं. पत्र किंवा सूचना वाचताना हे बरं जमतं, कारण वाक्य पूर्ण असतं आणि आजूबाजूच्या शब्दांवरून अर्थ लागतो. बिलात वाक्यं नसतात, चौकटी असतात. एका चौकटीत एखादंच अक्षर सुटं पडलेलं असतं आणि ॲप त्याचा सर्वांत रुळलेला अर्थ उचलतं. चिनी बिलात नगाच्या रकान्यात `只` हे अक्षर असतं. मोटरीसारखी वस्तू मोजताना त्याचा अर्थ ‘नग’ होतो. एरवी त्याच अक्षराचा अर्थ ‘फक्त’ असाही होतो, त्यामुळे पडद्यावर प्रत्येक ओळीत ‘ओन्ली’ उगवू शकतं. `件` या अक्षराचं तसंच आहे. कपडा, वस्तू अशा गोष्टी मोजताना ते ‘नग’ असतं, पण मालाच्या बिलात `件数` असा रकाना आला की तिथे खोक्यांची संख्या असते. बारा मोटरी नव्हत्या, बारा खोकी होती.

हे चिनी न शिकताही कळतं, कारण बिल स्वतःच स्वतःची साक्ष देतं. मोटरींच्या ओळीत 12 च्या पुढे 40 आणि त्यापुढे 480 होते. बारा गुणिले चाळीस, चारशे ऐंशी. 480 गुणिले 2.60 म्हणजे 1,248, आणि रकमेच्या रकान्यात तेच होतं. वजनाच्या रकान्यात एका खोक्याचे 18 किलो दिले होते. हातात मावणारी मोटर अठरा किलोची नसते, पण अशा चाळीस मोटरींचं खोकं सहज तेवढं भरतं. तिन्ही बाजूंनी एकच उत्तर आलं की ती ओळ पक्की समजावी.

आकड्यांची खात्रीही अशीच करायची. फोटोत 3 आणि 8, 1 आणि 7, 5 आणि 6 यांची अदलाबदल होते, विशेषतः फोटो एका फोनवरून दुसऱ्यावर फिरून आला असेल तर. व्हॉट्सॲप साधा फोटो पाठवताना तो दाबून लहान करतं आणि आकड्यांच्या बारीक रेषा पुसट होतात. म्हणून विक्रेत्याला ‘फोटो डॉक्युमेंट म्हणून पाठवा’ किंवा ‘एक्सेल फाइल पाठवा’ असं सांगावं. कारखान्यात बिल बहुधा एक्सेलमध्येच केलेलं असतं. शिक्का हा दुसरा त्रास. चिनी कंपन्यांचा लाल गोल शिक्का नेमका बेरजेवर पडलेला असतो आणि ॲपला शिक्क्याची कड व आकड्याची रेघ यांतला फरक कळत नाही. या बिलात पडद्यावर बेरीज 1,739 दिसली. दुकानदाराने कागदावर ओळींची बेरीज केली तेव्हा ती 1,789 आली. मूळ फोटो मोठा करून पाहिल्यावर शिक्क्याखाली 8 दिसला. इथे बिल चुकलेलं नव्हतं, कॅमेरा चुकला होता.

एवढं झाल्यावर खरा वाद कुठे आहे ते दिसू लागतं. ट्रिगरच्या ओळीत दर 0.38 होता. प्रोफॉर्मात 0.35 होता. आता हाही 5 आणि 8 चा घोटाळा असू शकतो. पण रकमेच्या रकान्यात 456 लिहिले होते. 1,200 गुणिले 0.35 म्हणजे 420, आणि 1,200 गुणिले 0.38 म्हणजे 456. दर खरोखरच वाढवलेला होता. कॅमेऱ्याची चूक सहसा एका चौकटीपुरती असते. ती गुणाकारात आणि बेरजेत सारखी उतरत नाही. बिलात वाढवून लावलेला आकडा मात्र रक्कम आणि बेरीज दोन्हींत उतरतो. पत्र लिहिण्याआधी हा फरक पाहणं फार आवश्यक आहे. आपल्या फोनने चुकीचा वाचलेला आकडा आपण समोरच्याच्या माथी मारला, तर आपल्या खऱ्या तक्रारीकडेही तो संशयाने पाहतो.

तिसरी ओळ प्रोफॉर्मात नव्हतीच. ॲपने ती ‘इनलँड फ्रेट’ अशी दाखवली, रक्कम 85 डॉलर. म्हणजे कारखान्यापासून बंदरापर्यंतचं ट्रकभाडं. इथे एफओबीचा नेमका अर्थ कामी येतो. पॅरिसच्या आंतरराष्ट्रीय व्यापार मंडळाने हे नियम ‘इनकोटर्म्स’ नावाने बांधून दिले आहेत. सध्याची आवृत्ती 2020 ची. एफओबीमध्ये माल ठरलेल्या बंदरात जहाजावर चढेपर्यंतचा खर्च विक्रेत्याने करायचा असतो. कारखाना ते निंगबो हे भाडं त्यातच येतं. विक्रेत्याकडेही एक बाजू आहे. पुष्कळ चिनी कारखाने एफओबीचा दर पूर्ण कंटेनर धरून काढतात आणि थोडा माल असेल तर स्थानिक वाहतूक व गोदामाचा खर्च वेगळा लावतात. तशी अट प्रोफॉर्मात लिहिलेली असेल तर 85 डॉलर द्यावे लागतील. इथे प्रोफॉर्मात नुसतं ‘एफओबी निंगबो’ होतं आणि त्याखाली कोणताही अपवाद नव्हता. म्हणून दुकानदाराचं म्हणणं टिकतं.

चौथी गोष्ट मात्र त्याच्या विरुद्ध जाणारी निघाली. बिलात इसार 480.40 मिळाल्याचं लिहिलं होतं. त्याने तर 500.40 पाठवले होते. मधले 20 डॉलर कुठे गेले? परदेशी पैसे पाठवताना रक्कम मधल्या एखाद्या बँकेतून जाते आणि ती बँक आपला आकार कापून घेऊ शकते. हा आकार कोणी सोसायचा ते बँकेच्या अर्जात खूण करून ठरवायचं असतं. सगळा आकार पाठवणाऱ्याने द्यायचा, दोघांनी वाटून घ्यायचा, की पैसे घेणाऱ्याने सोसायचा, असे तीन पर्याय असतात. दुकानदाराने बँकेकडून ‘स्विफ्ट कॉपी’ मागवली. त्यावर वाटून घेण्याची खूण होती. प्रोफॉर्मात मात्र लिहिलं होतं की विक्रेत्याच्या खात्यात पूर्ण रक्कम पोचली पाहिजे. वीस डॉलर दुकानदाराच्याच बाजूचे होते. हे त्याने पत्रात आपणहून मान्य करायला हवं. एक ओळ प्रामाणिकपणे सोडली की उरलेल्या दोन ओळींना वजन येतं.

आता हिशेब असा झाला. विक्रेता मागतो 1,789 वजा 480.40, म्हणजे 1,308.60. दुकानदाराच्या मते 1,668 वजा 480.40, म्हणजे 1,187.60. वाद 121 डॉलरचा आहे: ट्रिगरचे 36 आणि भाड्याचे 85.

एवढ्या रकमेसाठी कोणी परदेशात कोर्टात जात नाही, आणि जाऊ नये. दुकानदाराचं बळ कायद्यापेक्षा वेळेत आहे. माल अजून कारखान्यात आहे आणि सत्तर टक्के रक्कम त्याच्या हातात आहे. माल जहाजावर चढला की तराजू फिरतो. जहाजाची पावती, म्हणजे बिल ऑफ लेडिंग, बाकी पैसे मिळेपर्यंत विक्रेता आपल्याकडे ठेवतो, आणि त्या पावतीशिवाय न्हावाशेवा बंदरातून माल सुटत नाही. निंगबोहून जहाज यायला साधारण दोन-तीन आठवडे लागतात. माल बंदरात येऊन पडला की ठरावीक मोफत दिवसांनंतर गोदामभाडं चढू लागतं आणि ते 121 डॉलरच्या पुढे जायला वेळ लागत नाही. तेव्हा तक्रार बरोबर असूनही दुकानदाराला मुकाट्याने पैसे भरावे लागतात.

सीमाशुल्काच्या बाजूनेही पत्र आधीच जायला हवं. बंदरात माल सोडवताना एजंट ‘बिल ऑफ एंट्री’ भरतो, त्यात बिलातली किंमत जाहीर होते आणि तिच्या आधारे कर बसतो. 1,789 चं बिल जोडलं तर न दिलेल्या 121 डॉलरवरही कर भरावा लागतो. शिवाय पाठवलेले पैसे आणि बिल ऑफ एंट्रीतली रक्कम यांचा मेळ बँकेला रिझर्व्ह बँकेच्या यंत्रणेत दाखवायचा असतो. तिथे फरक राहिला की दुकानदाराला बँकेत खुलासे देत बसावं लागतं. नंतर दुरुस्ती करता येते. सीमाशुल्क कायद्याचं 149 वं कलम त्यासाठीच आहे. पण माल सुटून गेल्यावर दुरुस्ती मागायची तर माल सुटला त्या वेळी अस्तित्वात असलेल्या कागदाचा पुरावा लागतो. नंतर मागवलेलं नवं बिल तिथे कामाला येत नाही.

म्हणून बिल आलं त्याच्या दोनच दिवसांनी त्याने पत्र लिहिलं. ते असं:

*दिनांक 16 एप्रिल 2025*

*विषय: आपले 14 एप्रिल 2025 चे बिल. दोन रकमांची दुरुस्ती.*

*महोदय,*

*आपल्या बिलाचा फोटो मिळाला. माल वेळेत तयार केल्याबद्दल आभार. बिल चिनी भाषेत आहे. मी बिल फोनवरील भाषांतराने वाचले आणि प्रत्येक आकडा मूळ फोटोवरून तपासला. मूळ फोटो आणि 3 मार्च 2025 चा प्रोफॉर्मा सोबत जोडला आहे. माझ्या वाचण्यात चूक असेल तर कृपया सांगावे.*

*1. मोटर. 12 खोकी, प्रत्येकी 40 नग, एकूण 480 नग. दर 2.60 डॉलर. रक्कम 1,248.00 डॉलर. ही ओळ मला मान्य आहे.*

*2. ट्रिगर. 1,200 नग. प्रोफॉर्मात दर 0.35 डॉलर आहे. बिलात दर 0.38 डॉलर आहे. प्रोफॉर्माची मुदत 18 मार्च 2025 पर्यंत होती. मी इसार 10 मार्च 2025 रोजी पाठवला. म्हणून दर 0.35 डॉलर आणि रक्कम 420.00 डॉलर हवी. फरक 36.00 डॉलर.*

*3. कारखाना ते बंदर भाडे, 85.00 डॉलर. प्रोफॉर्मात ही ओळ नाही. प्रोफॉर्मातील अट एफओबी निंगबो आहे. हे भाडे विक्रेत्याकडे आहे. कृपया ही ओळ काढावी.*

*4. इसार. आपल्याला 480.40 डॉलर मिळाले. 20.00 डॉलर बँकेने कापले. प्रोफॉर्माप्रमाणे हा खर्च माझा आहे. मला मान्य आहे.*

*मालाची एकूण किंमत: 1,668.00 डॉलर. मिळालेला इसार: 480.40 डॉलर. बाकी: 1,187.60 डॉलर.*

*कृपया 1,668.00 डॉलरचे दुरुस्त बिल इंग्रजीत, पीडीएफ किंवा एक्सेलमध्ये पाठवावे. दुरुस्त बिल मिळाल्यावर बँकेच्या 2 कामकाजी दिवसांत मी बाकी रक्कम पाठवीन. दुरुस्त बिलाआधी माल जहाजावर चढवू नये.*

*आपला,*
*(दुकानाचे नाव, उंद्री, ता. चिखली, जि. बुलढाणा)*

मराठीत आपण असं पत्र सहसा लिहीत नाही. आपल्या पत्रात थोडी प्रस्तावना येते, जुन्या संबंधांची आठवण येते, नाराजी वळणावळणाने सांगितली जाते. इथे दुकानदाराने ते सगळं मुद्दाम वगळलं, कारण हे पत्र पुन्हा भाषांतराच्याच वाटेने जाणार होतं. ‘हे काही पटलं नाही बुवा’ किंवा ‘आमच्या पोटावर पाय नका देऊ’ ही वाक्यं पलीकडे काय होऊन उतरतील याचा नेम नाही. लहान वाक्य, एका वाक्यात एकच गोष्ट, आणि प्रत्येक वेळी ‘ते’, ‘त्याचं’ न म्हणता वस्तूचं नाव. चिनी भाषांतरात सर्वनाम कुणाला लागतं ते सहज हरवतं. तारखेत महिना अक्षरी लिहिला, कारण 3/4 म्हणजे 3 एप्रिल की 4 मार्च हे देशागणिक बदलतं. प्रत्येक रकमेपुढे ‘डॉलर’ लिहिलं, कारण चिनी कारखान्याच्या घरच्या हिशेबात युआन असतात.

पत्र त्याने आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. चिनीत थेट पाठवलं नाही. प्रोफॉर्मा इंग्रजीत होता, त्यामुळे मालाची नावं आणि अटी त्याच शब्दांत लिहिता आल्या. उद्या पत्राचा अर्थ काय यावर वाद झाला तर दोघांपुढे एकाच भाषेतले दोन कागद असतील. इंग्रजी मजकूर त्याने ॲपमधून चिनीत नेला आणि तोच चिनी मजकूर परत इंग्रजीत आणून पाहिला. पहिल्या फेरीत ‘कृपया ही ओळ काढावी’ या वाक्यातली ‘लाइन’ परत येताना ‘रूट’ झाली, म्हणजे वाहतुकीचा मार्ग. त्याने तिथे ‘85 डॉलरची रक्कम काढावी’ असा बदल केला आणि मग पत्र पाठवलं. शब्द नीट परत आलेला नसेल तर दोष कोणत्या फेरीत घडला हे या तपासणीत कळत नाही, आणि चांगलं परत आलेलं वाक्यही पलीकडे विचित्र वाटू शकतं. तरी मोठे घोटाळे यात सापडतात. आकडे तर भाषांतरातून बहुधा जसेच्या तसे जातात, आणि या पत्राचा कणा आकडेच आहेत.

अशा पत्राला साधारण तीन प्रकारची उत्तरं येतात. विक्रेता दुरुस्त बिल पाठवतो. किंवा दराची चूक मान्य करून भाड्याचा अर्धा भाग मागतो, आणि तिथे दुकानदाराने आपलं गणित करावं: फवारणीचा हंगाम तोंडावर असेल तर चाळीस-पन्नास डॉलरसाठी आठवडा घालवणं महाग पडतं. तिसरं उत्तर गोड असतं आणि धोक्याचं: ‘पैसे 1,668 च द्या, पण कस्टमसाठी आम्ही 900 डॉलरचं बिल करून देतो, तुमचा कर वाचेल.’ हे कधीही स्वीकारू नये. ती किंमत खोटी जाहीर करणं आहे. माल जप्त होऊ शकतो, दंड बसतो, आणि बँकेतून गेलेले 1,668 त्या खोट्या बिलाविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहतात.

आपल्या दुकानदाराला 18 एप्रिलला ई-मेलवर दुरुस्त बिल आलं. 1,668 डॉलर, इंग्रजीत. भाड्याची ओळ काढलेली, ट्रिगरचा दर 0.35. त्याने आकडे पुन्हा एकदा गुणले. मग बिलाच्या तळाशी असलेला बँकेचा खातेक्रमांक प्रोफॉर्मातल्या खातेक्रमांकाशी एकेक अंक करून ताडून पाहिला. बिलाची दुरुस्ती चालू असते तेव्हाच भामटे मध्ये शिरतात. कोणाचा तरी ई-मेल फोडून ते खऱ्यासारखंच नवं बिल पाठवतात; त्यात माल, दर, शिक्का सगळं बरोबर असतं, फक्त खातं वेगळं असतं, आणि ‘आमच्या जुन्या खात्याचं ऑडिट चालू आहे’ असं एखादं कारण असतं. त्या खात्यात गेलेले पैसे सहसा परत मिळत नाहीत. क्रमांक जुळला तरी त्याने कारखान्याच्या विक्रीवाल्या बाईंना व्हिडिओ कॉल लावला, त्यांच्याकडून खात्याचे शेवटचे सहा अंक वाचून घेतले, आणि मग चिखलीच्या बँकेत जाऊन 1,187.60 डॉलरचा अर्ज भरला. आकार कोणी सोसायचा त्या रकान्यात या वेळी त्याने ‘पाठवणाऱ्याने’ यावर खूण केली.